लहान मुलांचं रक्त टाचेतून किंवा बोटातून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या नवजात कक्षांत आणि लॅबमध्ये काम करणाऱ्या सिस्टर, टेक्निशियन आणि तिथे बाळाला घेऊन येणारे आईबाबा यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबतो: रक्त आपणहून येत नसलं की रक्त घेणारा टाच किंवा बोट पिळायला लागतो आणि तिथून पुढचा रिपोर्ट बिघडतो. म्हणून त्या भागावर इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

शिरेतून न घेता टाचेतून किंवा बोटातून रक्त का घेतात?

रक्त थोडंच लागणार असतं म्हणून. कावीळ किती आहे, साखर किती आहे, हिमोग्लोबिन किती आहे, एवढ्यासाठी काही थेंब पुरतात. शिवाय तान्ह्या बाळाच्या शिरा सलाईनसाठी राखून ठेवायच्या असतात.

मात्र टाचेतून आलेलं रक्त आणि शिरेतलं रक्त एकच नसतं. त्वचेखालच्या बारीक धमन्या, बारीक शिरा आणि केशवाहिन्या यांचं ते मिश्रण असतं आणि त्यात पेशींच्या मधलं पाणीही थोडंफार मिसळतं. हे पाणी किती मिसळेल ते रक्त घेणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं.

टाच की बोट, हे कसं ठरवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत वय आणि वजन दोन्ही पाहायला सांगितलं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वजन साधारण ३ ते १० किलो, तर टाच. सहा महिन्यांच्या वरचं आणि १० किलोंच्या वरचं मूल असेल, तर बोट. आपल्याकडे वर्षाचं मूलही कधीकधी आठ किलोंचं असतं. अशा वेळी नुसतं वय बघून बोट धरू नका, बोटाचा गर किती भरलेला आहे ते हाताने चाचपून बघा.

तान्ह्या बाळाच्या बोटाला हात न लावण्याचं कारण अगदी सरळ आहे. त्याच्या बोटाच्या टोकाशी त्वचेपासून हाड जेमतेम दीड-दोन मिलिमीटरवर असतं, काही ठिकाणी त्याहूनही जवळ. तिथे सुई हाडाला लागू शकते आणि हाडात जंतुसंसर्ग होऊ शकतो. याउलट, चालायला लागलेल्या मुलाच्या टाचेची कातडी जाड झालेली असते. तिथे टोचून रक्त नीट येत नाही आणि मग पिळणं आलंच.

टाचेवर नेमकी कुठली जागा?

बाळाचा तळवा समोर धरा आणि मनात दोन रेघा ओढा. एक रेघ अंगठ्याच्या मधोमधून सरळ टाचेपर्यंत. दुसरी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधल्या फटीतून टाचेपर्यंत. या दोन रेघांच्या बाहेरचा, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या कडेचा तळव्याकडचा भाग सुरक्षित. दोन रेघांच्या मधला भाग टाळायचा, कारण टाचेचं हाड तिथे त्वचेच्या जवळ येतं.

त्याहून धोक्याची जागा म्हणजे टाचेचा मागचा गोल उंचवटा. तिथे चरबीची गादी सगळ्यात पातळ असते. घाईत पाय वर धरला की तोच भाग समोर येतो आणि नेमका तिथेच हात जातो. आधी कुणी टोचलेली जागा दिसत असेल, सूज किंवा निळा डाग असेल, तर ती सोडून दुसऱ्या कडेला जा. सुजलेल्या जागेत साचलेलं पाणी पहिल्या थेंबाबरोबरच बाहेर येतं. तळव्याची कमान आणि पायाची बोटंही टाळा. तिथे नसा आणि स्नायूबंध आहेत.

आणि बोटावर?

मधलं बोट किंवा अनामिका. अंगठ्याला आणि तर्जनीला कातडी राठ असते आणि मूल दिवसभर तीच बोटं वापरतं, त्यामुळे दुखत राहतात. करंगळीत गर फार थोडा. टोचायचं ते गराच्या भरलेल्या भागावर, मध्यापासून किंचित बाजूला. अगदी टोकावर नको आणि नखाच्या कडेलाही नको. टोचायचं छोटं साधन, म्हणजे लॅन्सेट, पात्याचं असेल तर ते ठशाच्या रेघांना आडवं धरा. रेघांच्या दिशेने चीर गेली तर रक्त त्या रेघांतून पसरतं, थेंब धरत नाही.

सुई किती खोल जायला हवी?

टाचेसाठी २ मिलिमीटरच्या पुढे जायची गरज नाही. तीन किलोंच्या आतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी तर ०.८५ मिलिमीटर. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाच्या बोटासाठी १.५ मिलिमीटर. नवजात बाळाच्या टाचेत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं त्वचेच्या वरच्या दीड मिलिमीटरभरातच असतं. त्यामुळे आणखी खोल गेल्याने रक्त जास्त येत नाही, हाड मात्र जवळ येतं.

इंजेक्शनच्या सुईने टोचण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी असं माझं ठाम मत आहे. त्या सुईला खोलीची मर्यादा नसते आणि ती छोटंसं भोक पाडते. आपोआप आत सरकणाऱ्या पात्याचं टाचेचं लॅन्सेट ठरलेल्या खोलीची चीर देतं आणि रक्त वाहतं. हे लॅन्सेट महाग पडतं हे खरं. पण बिघडलेल्या सॅम्पलमुळे पुन्हा टोचणं, पुन्हा तपासणं यांचा खर्चही त्यासमोर मांडून बघा.

टोचण्याआधी काय करायचं, म्हणजे पिळावं लागणार नाही?

पाय गरम करायचा. बाकी सगळं यानंतर. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं तीन ते पाच मिनिटं टाचेभोवती गुंडाळा. पाणी ४२ अंशांच्या वर नको, कारण बाळाची कातडी भाजते. थर्मामीटर नसेल तर आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सुखद ऊब वाटली पाहिजे. गरम केल्याने त्या भागातलं रक्ताभिसरण कित्येक पटींनी वाढतं. पाय बाळाच्या छातीपेक्षा खाली राहील असं धरा. आईने बाळाला उभं कवेत घेतलं तर हे आपोआप साधतं.

मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमध्ये तांबड्या पेशी फुटतात, थेंब धरत नाही आणि बाळाला जास्त झोंबतं. पोव्हिडोन आयोडीन वापरू नका. ते थेंबात मिसळलं तर पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक ॲसिड खोटं वाढलेलं दिसतं.

टोचल्यावर पहिला थेंब कोरड्या कापसाने किंवा गॉजने पुसून टाका. त्यात पेशींमधलं पाणी आणि उरलेलं स्पिरिट सर्वांत जास्त असतं.

पिळल्याने नक्की काय बिघडतं?

दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि त्यांचे परिणामही वेगळे असतात.

पहिली, पेशी फुटतात. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या प्लाझ्मापेक्षा वीस-पंचवीस पट असतं. नवजात बाळाचं रक्त घट्ट असतं, म्हणजे पेशी जास्त आणि प्लाझ्मा कमी. त्यामुळे शंभरातली एक पेशी फुटली तरी प्लाझ्मातलं पोटॅशियम लिटरमागे १ मिलिमोलहून जास्त वाढतं. एलडीएच आणि एएसटी ही एन्झाइम्सही पेशींतून बाहेर पडतात. बिलिरुबिनचं मात्र उलट होतं: डायझो पद्धतीच्या बऱ्याच तपासण्यांत फुटलेल्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमुळे ते प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. काविळीच्या बाळाला प्रकाशाखाली ठेवायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरणार असेल, तर ही चूक फार महागात पडते.

दुसरी गोष्ट, पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं. त्याने पोटॅशियम वाढत नाही, पण हिमोग्लोबिन आणि पेशींची संख्या पातळ होऊन कमी दिसते.

त्यात वेळेचा तिसरा भाग येतो. पिळून पिळून थेंब गोळा करायला चार-पाच मिनिटं जातात. तोवर गोठण्याची क्रिया सुरू झालेली असते. प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही.

मग दाबायचंच नाही का?

दाबायचं, पण सोडायचंही. टाच धरताना तर्जनी पायाच्या कमानीवर आणि अंगठा घोट्याच्या खाली, टोचलेल्या जागेपासून दूर. हलका दाब द्या, थेंब येऊ द्या आणि हात सैल सोडा. दोन-चार सेकंदांत वाहिन्या पुन्हा भरतात. मग पुन्हा हलका दाब. बोटाच्या बाबतीत तळहाताकडून बोटाकडे हळूच दाब आणायचा आणि सोडायचा.

पिळणं कसं ओळखायचं, तर दाब देताना कातडी पांढरी पडून तशीच राहिली किंवा बोटांचे ठसे उमटले, तर ते पिळणं. टोचलेल्या जागेच्या लगत दोन्ही बाजूंनी चिमटा घेणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. नळीच्या तोंडाने कातडीवरून रक्त खरवडून घेणं हेही तितकंच वाईट. थेंब गोल धरू द्या आणि नळी त्याला फक्त टेकवा.

दोनदा टोचूनही रक्त येत नसेल तर थांबा. पाय पुन्हा गरम करा, किंवा अनुभवी हाताला शिरेतून घ्यायला सांगा. दुसऱ्यांदा टोचताना नवीन लॅन्सेट आणि नवीन जागा.

पोटॅशियम ७.४ आलं. खरं मानायचं का?

नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ. चार दिवसांची मुलगी, वजन २.४ किलो, कावीळ आहे म्हणून आणली. डिसेंबरची सकाळ, पाय गार आणि निळसर. पाय गरम न करता टाचेतून रक्त घेतलं, थेंब येईना म्हणून बरंच पिळलं. रिपोर्ट असा: पोटॅशियम ७.४, प्लेटलेट ६२ हजार, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या पेशींचा वाटा ६८ टक्के, बिलिरुबिन १३. बाळ मात्र अंगावर नीट पितंय, रडणं जोरदार, लघवी होतेय.

पहिली गोष्ट: पोटॅशियमचा आकडा खोटा असेल असं वाटलं तरी तो तसाच सोडून द्यायचा नाही. ताबडतोब ईसीजी काढायचा आणि शिरेतून नवीन सॅम्पल घ्यायचं. ईसीजी नीट आला म्हणजे पोटॅशियम नक्की नीट आहे असं होत नाही, पण दुसरा आकडा येईपर्यंत तेवढा आधार मिळतो.

इथे ईसीजी नेहमीसारखा आला. शिरेतल्या रक्तात पोटॅशियम ४.९, प्लेटलेट २ लाख १० हजार, हिमॅटोक्रिट ६१ आणि बिलिरुबिन १५ आलं. आता एकेक आकडा बघा. पोटॅशियममधली अडीचची वाढ म्हणजे शंभरातल्या साधारण दोन पेशी फुटल्या. प्लेटलेट कमी नव्हत्या, गठ्ठ्यांत अडकल्या होत्या. बिलिरुबिन खाली दिसण्याचं कारण वर आलंच आहे.

हिमॅटोक्रिटचं मात्र थांबून बघायला हवं. पिळल्याने पाणी मिसळून तो कमी यायला हवा होता, आला जास्त. कारण गार पायात रक्त मंद वाहतं आणि पेशी साचून घट्ट होतात. तो परिणाम पाण्याच्या परिणामावर भारी पडला. म्हणूनच पॉलिसायथेमियाचं निदान, म्हणजे ६५ टक्क्यांच्या वरचा हिमॅटोक्रिट, शिरेतल्या रक्तावरच करतात. टाचेतला ६८ बघून बाळाचं रक्त बदलायची तयारी करायची नसते.

पिळलेलं सॅम्पल लॅबमध्ये कसं ओळखायचं?

सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा थर बघा. पिवळसर हवा, गुलाबी किंवा लाल असेल तर पेशी फुटल्या आहेत. काविळीच्या बाळाचा प्लाझ्मा मुळातच गडद पिवळा असतो, त्यात हलका लालपणा लपतो. पांढऱ्या कागदासमोर धरून बघा.

ब्लड गॅसच्या यंत्रावर जास्त सावध राहा. तिथे अख्खं रक्त जातं, सेंट्रिफ्यूज होत नाही, त्यामुळे प्लाझ्माचा रंग कुणी बघतच नाही आणि पोटॅशियमचा आकडा थेट छापून येतो. शंका आली तर उरलेलं रक्त हिमॅटोक्रिटच्या काचनळीत फिरवून वरचा थर बघता येतो.

पेशी मोजण्यासाठीच्या, म्हणजे सीबीसीच्या नळीत लाकडी काडी फिरवून गुठळी आहे का पाहा. प्लेटलेट कमी आल्या तर रिपोर्ट सोडण्याआधी स्लाइड बघा, विशेषतः तिच्या कडांना. तिथे गठ्ठे दिसले तर आकडा देऊ नका, सॅम्पल पुन्हा मागवा. आणि रिपोर्टवर ‘टाचेतून घेतलेलं रक्त’ असं लिहा. डॉक्टरांना तो आकडा कसा वाचायचा हे त्यावरून कळतं.

बोटातून काढलेलं हिमोग्लोबिन गावातल्या तपासणीत कमी का येतं?

नेहमी कमीच येतं असं नाही, पण एका थेंबावरचा आकडा बराच वर-खाली होतो. डिजिटल हिमोग्लोबिनोमीटरला साधारण १० मायक्रोलिटर लागतात. एवढ्याशा थेंबात थोडं पाणी मिसळलं तरी फरक पडतो. अंगणवाडीत रडणाऱ्या, हात ओढणाऱ्या मुलाचं बोट घट्ट धरून पिळलं, तर खरं १०.८ असलेलं हिमोग्लोबिन १० च्या खाली दिसू शकतं.

देशपातळीवरही हा प्रश्न चर्चेत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बोटातलं रक्त वापरलं आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या आतली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. २०१६ ते २०१८ च्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं आणि एक ते चार वर्षांच्या मुलांत तोच आकडा ४१ टक्के आला. वयोगट आणि काळ वेगळे आहेत, यंत्रही वेगळं आहे, त्यामुळे सगळा फरक बोटामुळे असं म्हणता येणार नाही. पण रक्त कुठून आणि कसं घेतलं हे न विचारता असे आकडे शेजारी ठेवू नयेत.

एका वेळी किती रक्त घेतलं तर चालतं?

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात किलोमागे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. वरच्या उदाहरणातल्या २.४ किलोंच्या मुलीत म्हणजे साधारण २०० मिलिलिटर. एका वेळी त्याचा एक टक्का धरला, तर तो होतो २ मिलिलिटर. टाचेतून एवढं रक्त पिळल्याशिवाय येतच नाही. अर्धा-पाऊण मिलिलिटरच्या पुढे लागणार असेल तर शीरच बरी.

८०० ग्रॅमच्या बाळाचा हिशेब मात्र वेगळा. त्याच्या अंगात ७५ मिलिलिटरच्या आसपास रक्त, एक टक्का म्हणजे पाऊण मिलिलिटर. अशा बाळाचं रोज ‘थोडंसं’ रक्त घेतलं तरी आठवड्यात रक्त चढवायची वेळ येऊ शकते. म्हणून अतिदक्षता विभागात घेतलेलं प्रत्येक सॅम्पल मिलिलिटरमध्ये चार्टवर लिहायचं, साखरेचे थेंब आणि पुसून टाकलेलं रक्तसुद्धा धरून.

रक्त गोठू नये म्हणून आत ईडीटीए हे औषध असलेल्या छोट्या नळीवर दोन खुणा असतात, बहुतेक २५० आणि ५०० मायक्रोलिटरच्या. रक्त त्यांच्यामध्येच हवं. कमी भरली तर औषधाचं प्रमाण जास्त होऊन पेशी आकसतात, जास्त भरली तर गुठळी होते. प्रत्येक दोन-तीन थेंबांनंतर नळी हलक्या हाताने टिचकी मारून मिसळा, शेवटी झाकण लावून आठ-दहा वेळा उलटसुलट करा. जोरात हलवू नका.

आधी कुठली नळी भरायची?

ब्लड गॅस असेल तर ते, मग ईडीटीए, मग इतर औषधाच्या नळ्या आणि सर्वांत शेवटी सिरमची साधी नळी. शिरेतून घेताना क्रम वेगळा असतो. इथे प्लेटलेट चिकटण्याआधी सीबीसी हातात यायला हवं, म्हणून ईडीटीए पुढे येते. बिलिरुबिनची नळी फॉइलमध्ये गुंडाळा आणि रक्त घेताना फोटोथेरपीचा दिवा बंद ठेवा.

टाचेतून कुठल्या तपासण्या करू नयेत?

ब्लड कल्चर, गोठण्याच्या तपासण्या म्हणजे पीटी-एपीटीटी आणि ईएसआर. बाळ शॉकमध्ये असेल किंवा पाय सुजलेला असेल, तर टाचेतला कुठलाच आकडा भरवशाचा नाही.

नवजात तपासणीच्या कागदावर थेंब घेताना पिळलं तर?

कागदावर रक्त वाळतं तेव्हा पेशी तशाही फुटतात, त्यामुळे तिथे खरा धोका पाण्याचा. थेंब पातळ झाला की थायरॉईडच्या दोषात वाढणारं टीएसएच हे संप्रेरक कमी दिसतं आणि थायरॉईडचा दोष असलेलं बाळ तपासणीतून निसटू शकतं. पातळ थेंब वाळल्यावर वर्तुळाभोवती फिकट कडं दिसतं. असा कागद पाठवू नका. एका वर्तुळावर एकच मोठा थेंब, एकाच बाजूने, आणि तो मागच्या बाजूपर्यंत भिजला पाहिजे. थेंबावर थेंब नको. कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवा.

बाळाला खूप दुखतं का? आई काय करू शकते?

दुखतं. कसलेल्या हाताने शिरेतून रक्त घेतलं तर पूर्ण दिवसांच्या बाळाला टाचेपेक्षा कमी दुखतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. टाचेच्या बाबतीत टोचण्याइतकंच पिळणंही दुखवतं. आईने टोचण्याच्या एक-दोन मिनिटं आधीपासून बाळाला अंगावर पाजायला घेतलं आणि पाय मोकळा ठेवला, तर बाळ कमी रडतं. बधिर करणाऱ्या मलमाचा टाचेवर फारसा उपयोग होत नाही.

बोटातून साखर तपासायची असेल तर मुलाचे हात आधी साबणाने धुवा. केळं किंवा लाडू खाल्लेल्या बोटावरचा थेंब साखर खोटी वाढवतो आणि नुसत्या स्पिरिटने ती निघतेच असं नाही.

नंतर पट्टी लावायची का?

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला नको. पट्टी सुटून तोंडात जाते आणि घशात अडकू शकते. कोरड्या गॉजने दोन-तीन मिनिटं दाबून धरा, रक्त थांबलं की पुरे. घरी गेल्यावर टाच लाल झाली, सुजली, किंवा बाळ तो पाय हलवायचं टाळू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.